अकरा वीसला वर्गात काय चाललं होतं?

(नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज मी एक गोष्ट सांगणार आहे आणि ती तीनदा मध्येच थांबवणार आहे. नोकरीला नुकत्याच लागलेल्या एका शिक्षण सेविकेचा शाळेतला पहिला दिवस, एवढाच तिचा विषय. गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली शाळा नकाशावर सापडायची नाही आणि तिच्यातल्या बाई कुणा एकीवर बेतलेल्या नाहीत. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना तिच्यातलं काही अनोळखी वाटणार नाही. अध्यापक विद्यालयात शिकवत असताना मी ही गोष्ट चर्चेसाठी वापरत आले. ती कशी वापरायची हेही आज सांगेन, कारण गोष्ट वाचून ‘छान आहे’ म्हणून पुढे गेलं की तिचा उपयोग संपला.

शिक्षकाच्या पहिल्या दिवसाचं मराठीतलं सर्वांत मोठं चित्र आपल्याला व्यंकटेश माडगूळकरांनी दिलं. ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. औंध संस्थानातला कोवळा मास्तर राजाराम सौंदणीकर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पोहोचतो, तर शाळा ओस पडलेली असते. मुलं मेंढरांमागे गेलेली. त्याची अडचण अशी की शिकवायला समोर कुणीच नाही. तो कारभाऱ्याला भेटतो, वाडीत मिसळतो आणि शाळा हळूहळू भरते. आजच्या शिक्षकाची अडचण उलट आहे. पट भरलेला आहे, मुलं समोर बसलेली आहेत, खिचडी शिजते आहे, आणि तरीही काही केल्या वर्ग सुरू होत नाही. या अडचणीवर आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. लिहिलं जातं तेव्हा दिवसाच्या शेवटी एखादं मूल येऊन बाईंच्या हातात रानफूल ठेवतं आणि सगळं सुरळीत होतं. माझ्या गोष्टीत फूल नाही. फुलाने वाचकाचं मन भरतं, पण अकरा वीसला वर्गात नेमकं काय बिघडलं हे मग कुणी विचारत नाही.

तर गोष्ट.

जूनचा शेवटचा आठवडा. बाई नाशिकच्या सिडकोतल्या. पहाटे पेठ नाक्यावरून एसटी धरली, पुढे जीप, पुढे दीड किलोमीटर पायी. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, दोन खोल्या, त्यांतली एक गळकी. मुख्याध्यापकांनी नियुक्तीचा आदेश पाहिला, रुजू अहवालावर सही केली, कपाटाची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, “मला पेठला पंचायत समितीत बैठक आहे. आजच्या दिवस चारही वर्ग तुम्हीच बघा. पोरं गरीब आहेत, काही त्रास देत नाहीत.” आणि मोटरसायकलवरून गेले.

परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना सगळं मुलांनी चोख म्हटलं. बाईंना धीर आला. हजेरीत एकतीसपैकी तेवीस निघाले. चारही वर्ग कोरड्या खोलीत बसले: दाराजवळ पहिलीची पाच मुलं, मग दुसरी, तिसरी, आणि भिंतीला टेकून चौथी. बाईंनी पिशवीतून रंगीत चित्रपट्ट्या काढल्या. सराव पाठाच्या वेळी ज्यांच्यावर निरीक्षकांनी ‘उत्तम शैक्षणिक साधन’ असा शेरा दिला होता त्याच या पट्ट्या: छत्री, रेनकोट, इंद्रधनुष्य, कागदी होडी. पाठाचं टाचणही तयार होतं. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न त्यांनी हसतमुखाने विचारला, “मुलांनो, पावसाळ्यात आपल्या परिसरात कोणकोणते बदल होतात?”

कुणी बोललं नाही.

“सांगा बरं, पावसाळा आला की काय काय होतं?” कुणी बोललं नाही. “पाऊस आवडतो ना सगळ्यांना? मग पावसात आपण काय वापरतो? छ... छ...? छत्री! बरोबर ना? म्हणा, छत्री.” वर्ग एका सुरात म्हणाला, “छत्री.” बाईंनी पुढची पट्टी उचलली. तिसरीतली एक मुलगी दुसऱ्या प्रश्नानंतर काहीतरी म्हणायला लागली होती. तिचे ओठ हलले होते. बाई तेव्हा पट्टीकडे पाहत होत्या.

इथे मी गोष्ट पहिल्यांदा थांबवते.

थांबल्यावर विचारायचा प्रश्न एकच: काय घडलं? ‘बाईंचं काय चुकलं’ हा प्रश्न मी या टप्प्यावर विचारू देत नाही. चूक शोधायला लागलं की प्रशिक्षणार्थी न्यायाधीश होतात आणि पाहणं बंद होतं. घडलेलं क्रमाने सांगायचं: बाईंनी किती प्रश्न विचारले, दोन प्रश्नांमध्ये किती वेळ गेला, उत्तर कुणी दिलं. मोजून पाहिलं की सगळे चपापतात. बाईंनी पाच-सहा प्रश्न विचारले आणि उत्तर दिलं ते बाईंनीच.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ वाट पाहतो? सरासरी सुमारे एक सेकंद. १९७०च्या दशकात तिने हे मांडलं. ज्या शिक्षकांनी सरावाने हा वेळ तीन सेकंदांवर किंवा त्याहून वर नेला, त्यांच्या वर्गातली उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि गप्प बसणारी कमी झाली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल. मग फोनवर स्वतःचा एखादा पाठ ध्वनिमुद्रित करून ऐका. तेवीस चेहरे तुमच्याकडे पाहत असताना तिसरा सेकंद सरता सरत नाही, आणि नव्या शिक्षकाला ती शांतता स्वतःची नामुष्की वाटते. म्हणून तो ती आपल्याच बोलण्याने भरून काढतो.

या शाळेत तर तीन सेकंदही पुरणार नाहीत. पेठ-सुरगाण्याकडच्या कितीतरी मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते, त्र्यंबकच्या बाजूला महादेव कोळ्यांची आणि वारल्यांची बोली. पहिली-दुसरीच्या मुलाला शहरी मराठीतलं बाईंचं वाक्य आधी ऐकावं लागतं, मग उलगडावं लागतं, मग त्यावर काही सुचावं लागतं, आणि सुचलेलं परत बाईंच्या भाषेत बसवावं लागतं. शिवाय परक्या वडीलधाऱ्या माणसापुढे आपण होऊन तोंड उघडायचं नाही, ही घरची शिकवणही असते. गप्प मूल ‘कच्चं’ असतं असं जर तुमच्या मनात आज बसलं, तर हे मूल पुढची चार वर्षं तुमच्या दृष्टीने कच्चंच राहील.

पण नुसतं थांबूनही भागत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला होता. ‘परिसरात कोणते बदल होतात’ याचं उत्तर द्यायला आधी पुष्कळ गोष्टी आठवाव्या लागतात, मग त्यांचं वर्गीकरण करावं लागतं. हा धड्याच्या शेवटचा प्रश्न आहे. बाईंनी तो सुरुवातीला विचारला. त्या खोलीतल्या मुलांना पावसाळा बाईंपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होता. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या रचून राब कसा भाजतात, पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जागेवर भाताचं आणि नागलीचं बी कसं टाकतात, रोपं किती वाढली की आवणीला काढतात, इरल्याला कोणती पानं लागतात हे सगळं त्यांनी हाताने केलेलं असतं. तेव्हा सुरुवात अशी करायची: “काल तुझ्या घरातून शेतावर कोण कोण गेलं होतं?” याचं उत्तर एका शब्दात येतं, चुकू शकत नाही, आणि ते देणाऱ्या मुलाला पक्कं माहीत असतं. त्यामागून “डोक्यावर काय घेतलं होतं?” आणि मग “ते कुणी बनवलं?” तिसऱ्या प्रश्नापर्यंत वर्गात इरलं आलेलं असतं आणि छत्रीचं चित्र त्याच्या शेजारी ठेवता येतं. कोणतं कशासाठी बरं, वाकून आवणी करताना छत्री धरता येईल का, हा झाला धडा. बाईंच्या पट्ट्या वाया जात नाहीत, त्या अर्ध्या तासाने बाहेर येतात.

आता गोष्ट पुढे.

बाईंनी ठरवलं की आधी फळ्यावर लिहू. “पहिलीची मुलं शांत बसा. दुसरी-तिसरी-चौथी, मी लिहिते ते उतरवून घ्या.” फळ्यावर त्यांनी दिनांक लिहिला, ‘पावसाळा’ लिहिलं, खाली पाच ओळी. लिहिताना पाठ वर्गाकडे. चौथीच्या मुलांनी ओळी तेवढ्यात उतरवल्या आणि वह्या मिटल्या. दुसरीची मुलं अजून दिनांकातच होती. अकरा वीसच्या सुमाराला दारातून एक बेडूक आत आला. चौथीतल्या एका मुलाने तो उचलून पुढच्याच्या पाठीवर सोडला. हशा, पळापळ, पाट्या पडल्याचा आवाज. बाई वळल्या. त्या गोंधळाने पहिलीतला एक मुलगा रडायला लागला आणि उठून सरळ दाराबाहेर पावसात गेला. तिसरीतली ती मुलगी, ओठ हललेली, उठली आणि काही न विचारता त्याच्यामागे धावली. बाई दारापर्यंत गेल्या. आत बावीसाचे एकवीस झालेले, बाहेर दोघं. आत राहावं की बाहेर जावं, त्यांना कळेना.

दुसरा थांबा.

गडबड कशाने झाली असं विचारलं की प्रशिक्षणार्थी एकमुखाने सांगतात, बेडकाने. मग मी फळ्यावर चार रकाने आखते आणि विचारते, बेडूक यायच्या आधी, अकरा वीसला, कोणता वर्ग काय करत होता? पहिलीला काहीच काम नव्हतं. ‘शांत बसा’ हे काम नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला ते जमतही नाही. दुसरी उतरवत होती, पण तिला न झेपणारं. तिसरी उतरवत होती. चौथीचं काम संपलं होतं. म्हणजे चारांपैकी दोन वर्ग मोकळे आणि बाईंची पाठ वर्गाकडे. त्या वेळी बेडूक आला नसता तर दुसरं काहीतरी आलं असतं.

जेकब कूनिन नावाच्या संशोधकाने वर्गांची चित्रफितींवरून पाहणी करून १९७०मध्ये एक पुस्तक लिहिलं. तो शोधायला निघाला होता की चांगले शिक्षक गडबड करणाऱ्या मुलाला कसं वठणीवर आणतात. हाती आलं ते वेगळंच. ज्यांचे वर्ग कामात रमलेले असत आणि ज्यांचे नसत, त्यांच्या रागावण्याच्या पद्धतीत काही सांगण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: सगळा वर्ग नजरेत असणं, एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवता येणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना खंड न पडणं. म्हणून ‘मुलाला कसं आवरावं’ या प्रश्नावर चर्चेची पाऊण वेळ घालवणं फुकट आहे. पाऊण वेळ ‘अकरा वीसला कुणाला काय काम होतं’ यावर जायला हवी.

चार वर्ग एका खोलीत असताना काम कसं वाटायचं, हे सराव पाठात कुणी शिकवत नाही. तिथे एक वर्ग, पस्तीस मिनिटं, मागे वही घेऊन बसलेले निरीक्षक आणि आधीच समज दिलेली मुलं असतात. बहुवर्ग अध्यापनाचा पहिला नियम असा की ज्यांना शिकवायचं नाही त्यांना आधी कामाला लावायचं. बाईंना तिसरीला शिकवायचं होतं असं धरू. मग सगळ्यांत आधी चौथी: दोघादोघांत एक पाठ वाचायचा आणि त्यावर एकमेकांना विचारायला पाच प्रश्न लिहून काढायचे. सूचना एका वाक्याची, काम वीस मिनिटांचं. मग दुसरी: पाटीवर स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं, येतील तशी. मग पहिली: चिंचोक्यांचा एक ढीग मध्ये ओतायचा, दहा-दहाच्या वाट्या करायच्या. इथे बाईंनी खाली बसून पहिली वाटी मुलांबरोबर करायची आणि दुसरी वाटी मुलांनी आपण होऊन सुरू केल्याशिवाय उठायचं नाही. उठल्यावर एकदा चौथीकडे नजर टाकायची. एवढं झालं की तिसरी. यात सात-आठ मिनिटं जातात आणि नव्या शिक्षकाला ती वाया गेल्यासारखी वाटतात. ती वाचवली की काय होतं ते आत्ताच पाहिलं.

पहिलीचं काम आठ-दहा मिनिटांत विस्कटणार हेही गृहीत धरायचं. चिंचोके नाकात घालायला, मोजून झाल्यावर फेकायला त्यांना तेवढा वेळ पुरतो. म्हणून तिसरीला प्रश्न देऊन त्यांना विचार करायला सोडायचं, पहिलीकडे एक फेरी मारायची, परत यायचं. आणि फळ्यावरचा मजकूर शाळा भरण्याआधी लिहून ठेवायचा, म्हणजे वर्गाकडे पाठ करायची वेळ येत नाही. या व्यवस्थेची मर्यादाही सांगते: तिने चार वर्गांना चार शिक्षक मिळत नाहीत. रोज कुठल्या तरी वर्गाला कमी मिळतंच. आज कुणाला कमी मिळालं हे टाचणात लिहायचं आणि उद्या तिथून सुरू करायचं, इतकंच हाती असतं.

आणि ती दाराबाहेर गेलेली मुलगी? चर्चेत बरेच जण ‘तिने विचारायला हवं होतं’ म्हणतात. विचारायला वेळ होता का, हे ते पाहत नाहीत. लहान मूल पावसात एकटं बाहेर पडलं होतं आणि खोलीतल्या सगळ्यांत फक्त तिलाच ते कुठे जाईल हे माहीत होतं.

पुढची गोष्ट थोडी आहे.

दहा मिनिटांनी मुलगी परत आली. भावाचं बखोट धरलेलं, दोघं निथळत होते. एव्हाना बाईंनी टेबलावरची लाकडी पट्टी हातात घेतली होती आणि ती दोनदा टेबलावर आपटून वर्ग बसवला होता. दारातल्या मुलीला त्या म्हणाल्या, “कुणाला विचारून गेलीस? शाळा आहे का धर्मशाळा? तिथेच उभी राहा.” मुलगी दारातच उभी राहिली. वाऱ्याबरोबर पावसाचे शिंतोडे तिच्या पाठीवर येत होते. भाऊ तिच्या फ्रॉकला धरून उभा. वर्ग गप्प. बाईंनी एकापाठोपाठ एक पाच ओळी वाचून घेतल्या. साडेबाराच्या सुमाराला पहिलीतल्या एका मुलीच्या बसकराखाली पाणी पसरलं. तिने बाहेर जाऊ का म्हणून विचारलंच नव्हतं.

एकला खिचडी झाली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी दारातल्या दोघांना हाताला धरून आत घेतलं, डोकी पुसली आणि वाढता वाढता बाईंना म्हणाल्या, “बाई, तो आज पयल्यांदाच आलाय शाळंत. आईबाप शेतावर. तिच्याबिगर ऱ्हात नाही.”

तिसरा थांबा, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड.

कारण दर खेपेला दोघं-तिघं तरी म्हणतात, “पण मॅडम, वर्ग शांत झाला ना.” आणि हे खरंच आहे, झाला. म्हणून मी त्यांना दोन शांतता शेजारी ठेवायला सांगते. सकाळच्या शांततेत मुलं बाईंच्या तोंडाकडे पाहत होती, एकीचे ओठ हलले होते. दुपारच्या शांततेत मुलं खाली पाहत होती आणि एका मुलीला लघवीला जायचंही विचारवलं नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक ओळखायची खूण अशी: भ्यायलेल्या वर्गात मुलं स्वतःच्या गरजेचंही विचारायची थांबतात. पाणी, लघवी, तुटलेली पेन्सिल, यांतलं काहीच तासभर कुणी मागितलं नाही, तर तो वर्ग शिस्तीत आलेला नसतो, धसका घेऊन बसलेला असतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. पट्टी टेबलावर आपटली, अंगावर नाही, असा बचाव इथे कामाचा नाही. ओल्या मुलीला सगळ्यांसमोर दारात उभं करणं हे या कलमाच्या कक्षेत येतं, असंच मी विद्यार्थ्यांना सांगत आले. आणि बाईंना हे कलम ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर त्यांनी टीप लिहिली असणार.

मग पट्टी हातात आली कशी? डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाचं १९७५चं ‘स्कूलटीचर’ हे पुस्तक याचं उत्तर देतं. अमेरिकेतला मुलगा शाळा संपवून बाहेर पडेपर्यंत सुमारे तेरा हजार तास शिक्षकांना पाहत बसलेला असतो, असा हिशेब त्याने मांडला. आपल्याकडेही तो फार वेगळा निघणार नाही. त्या तासांत मूल शिक्षकाचं बोलणं, रागावणं, पट्टी उचलणं टिपतं. शिक्षक टाचणात काय विचार करून आला होता, हे मात्र बाकावरून त्याला दिसत नाही. अध्यापक विद्यालयाची दोन वर्षं या तेरा हजार तासांपुढे अगदी तोकडी पडतात. डोकं शांत असेल तोवर शिकलेलं सुचतं. घाबरलं की पाहिलेलं तोंडात येतं. ‘शाळा आहे का धर्मशाळा’ हे वाक्य बाईंचं नव्हतं. त्यांना शिकवणाऱ्या कुणाचं तरी होतं. चर्चेत या टप्प्यावर मी प्रत्येकाला एक काम देते: तुम्ही विद्यार्थी असताना रागावलेल्या शिक्षकाचं कोणतं वाक्य ऐकलंत ते लिहा, नाव न घालता. खोलीतल्या कुणाचाच कागद कोरा राहत नाही. मग त्या वाक्याच्या जागी, दारात निथळत उभ्या असलेल्या मुलीला, तुम्ही काय म्हणाल ते लिहा आणि मोठ्याने म्हणून पाहा. “आलात? बरं झालं. आत या, तुझं दप्तर इथे आहे.” एवढं पुरतं. पण ते तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणून घोटावं लागतं, नाहीतर ऐन वेळी जुनंच बाहेर पडतं.

झाल्यावर काय करायचं, हेही बोलावं लागतं. माफी मागायची तर ती थोडक्यात, त्याच दिवशी आणि ज्यांच्यासमोर उभं केलं त्या सगळ्यांसमोर. “ती भावाला आणायला गेली होती, मला ते कळलं नव्हतं. मी तिला दारात उभं करायला नको होतं.” मुलीकडून उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, तिला पुढे बोलावून चॉकलेट द्यायचं नाही. लाडाने तिची आणखी कुचंबणा होते.

गोष्टीतल्या बाईंनी त्या दिवशी माफी मागितली नाही. त्यांना सुचलं नाही. दुपारी त्यांनी मुलांना गाणी म्हणायला लावली. मुलगी काही बोलली नाही. चारच्या सुमाराला मुख्याध्यापक परतले. त्यांनी पोषण आहाराच्या नोंदवहीसाठी उपस्थिती विचारली. बाईंनी तेवीस सांगितली आणि त्यांचे डोळे भरून आले. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ, वीस वर्षं त्या भागात काढलेले. ते म्हणाले, “होतं असं पहिल्या दिवशी. सवय होईल.”

या वाक्याबद्दल मला खूप तळमळीने बोलायचं आहे, कारण इथे बसलेल्या ज्येष्ठ शिक्षकांपैकी पुष्कळांच्या तोंडी ते असतं आणि प्रेमानेच असतं. सवय होते हे खरं, पण कशाची? त्या दिवशी बाईंकडे सवय लागण्याजोग्या दोन गोष्टी होत्या: वाट न पाहता उत्तर आपणच देणं आणि पट्टी आपटून शांतता मिळवणं. दोन्हींनी त्या दिवशी ‘काम झालं’ होतं. दिवसभरात काय घडलं ते कुणी विचारलं नाही, तर नेमक्या याच दोन गोष्टी पक्क्या होतात. एस. व्हीनमन यांनी १९८४मध्ये नवशिक्या शिक्षकांच्या अडचणींवरचे निरनिराळ्या देशांतले ८३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सगळ्यांत वर आली ती वर्गातली शिस्त. म्हणजे या बाई एकट्या नाहीत. एकट्या पडतात त्या चारनंतर. डॉक्टर होणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी कुणी एकटीला शस्त्रक्रियेला उभं करत नाही. शिक्षिकेला मात्र पहिल्या दिवशी चार वर्ग मिळतात, वीस वर्षं नोकरी झालेल्याला मिळतात तसेच, आणि दाराआड काय झालं ते दाराआडच राहतं.

मुख्याध्यापकांनी विचारायला हवं होतं ते असं: “पहिल्यांदा गडबड किती वाजता झाली? त्याच्या आधी पहिलीला काय काम होतं? उठून कोण गेलं, आणि ती कुणाची कोण?” या तीन प्रश्नांना दहा मिनिटं लागतात. त्यांत रडणाऱ्या माणसालाही उत्तर देता येतं, कारण ते त्याच्या लायकीबद्दल नसतात, घड्याळाबद्दल आणि मुलांबद्दल असतात.

आणि मग पाड्यावर जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं त्यात हे गृहीतच होतं की मूल शाळेत रमत नसेल तर आधी शिक्षकाने त्याच्या अंगणात जाऊन बसावं. त्या भावाला एकट्याला वर्गात बसायला किती दिवस लागतील, त्याला बहिणीशेजारी तिसरीत बसू द्यायचं का, द्यायचं तर किती दिवस, याची उत्तरं शाळेच्या खोलीत सापडत नाहीत. ती त्याच्या आजीशी बोलून सापडतात. माझं मत विचाराल तर पहिला आठवडा बसू द्यावं, चिंचोक्यांची वाटी घेऊन बहिणीजवळच, आणि रोज थोडं थोडं पहिलीच्या बाजूला सरकवावं.

गोष्ट मी इथे सोडते. चर्चेचं शेवटचं काम लेखी असतं. प्रत्येकाने बाईंचं दुसऱ्या दिवशीचं टाचण लिहायचं, फक्त परिपाठ संपल्यापासून अकरा वीसपर्यंतचं. चार वर्गांचे चार रकाने, दर दहा मिनिटांना एक ओळ. कुठल्याही रकान्यात ‘शांत बसतील’ असं लिहायचं नाही. तिसरीला विचारायचा पहिला प्रश्न अवतरण चिन्हांत, जसाच्या तसा लिहायचा, आणि त्याचं उत्तर त्या मुलीला घरच्या अनुभवावरून देता येईल का ते शेजारच्याने तपासायचं. मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशीही बैठकीला गेले आहेत असं धरायचं. कागद पुढे वाटले आहेत. वीस मिनिटं घ्या, मग एकेकाचं टाचण वाचू.